अभ्यासावर टीका आली, आता संपादकांना उत्तर लिहायचंय: आधी आकडे, मग पत्र

संपादकीय कार्यालयाकडून मेल येतो: तुमच्या लेखावर एक पत्र आलं आहे, ते छापण्याचा आमचा विचार आहे, तुमचं उत्तर अमुक तारखेपर्यंत पाठवा. सोबत पत्राची पीडीएफ. पहिल्यांदाच असा मेल आलेला लेखक एक तर त्याच रात्री दोन पानं खरडून टाकतो, नाहीतर मेल बाजूला ठेवतो आणि मुदत कधी टळली ते त्याला कळतही नाही. न उत्तर देणाऱ्यांची संख्या लहान नाही. २०१० मध्ये बीएमजेमध्ये एक पाहणी आली होती. तिच्यात ३५० शोधलेख तपासले होते. त्यातल्या १०५ लेखांवर ठोस स्वरूपाची टीका झाली होती आणि लेखकांनी उत्तर दिलं होतं ते फक्त ४७ लेखांच्या बाबतीत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, स्पष्ट म्हणते की ठोस टीकेला उत्तर देणं ही लेखकाची जबाबदारी आहे.

हे पत्र कसं लिहायचं ते एका उदाहरणावरून दाखवतो. उदाहरण काल्पनिक आहे, आकडेही मीच मांडलेले आहेत, पण त्यातली चूक खरी आहे. ती फार चांगल्या लोकांकडूनही झाली आहे.

उदाहरण

समजा तुमचा अभ्यास असा: हार्ट फेल्युअरसाठी दाखल होऊन घरी गेलेल्या ६०० रुग्णांच्या जुन्या नोंदी तुम्ही पाहिल्या. घरी गेल्यापासून ९० दिवसांच्या आत जे पुनर्वसन कार्यक्रमाच्या निदान एका सत्राला आले ते 'सहभागी', बाकीचे 'असहभागी'. सहभागी २४०, असहभागी ३६०. वर्षभरात सहभागींपैकी २४ जण दगावले, म्हणजे १० टक्के. असहभागींपैकी ९० दगावले, म्हणजे २५ टक्के. रिस्क रेशो ०.४०, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.२६ ते ०.६१. गोषवाऱ्याच्या शेवटी तुम्ही लिहिलंत: 'पुनर्वसनामुळे मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी होतो.'

(सोपं राहावं म्हणून मी सरळ टक्केवारीच घेतो आहे आणि पाठपुराव्यात कोणी हरवलं नाही असं धरतो. खऱ्या लेखात वय वगैरे धरून काढलेला समायोजित आकडाही असतो. पुढे जे जे करायचं ते त्याच्याही बाबतीत करावं लागतं.)

आलेल्या पत्रात तीन गोष्टी आहेत. एक, सहभागी ठरायला रुग्णाला पहिल्या सत्रापर्यंत जिवंत राहावंच लागतं, त्यामुळे तुलना मुळातच एका बाजूला झुकलेली आहे. दोन, जे अशक्त होते ते सत्राला येऊच शकले नसतील, आणि अशक्तपणाची नोंद तुमच्याकडे नाही. तीन, लेखकांपैकी एक जण स्वतः पुनर्वसन केंद्र चालवतो, तेव्हा निष्कर्ष असे निघाले यात नवल नाही.

आधी पत्राची चिरफाड करा

पत्र छापून घ्या आणि प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने लिहा: हा दावा कशाबद्दल आहे? पद्धतीबद्दल, आकड्याबद्दल, निष्कर्षाच्या शब्दांबद्दल, की माणसाबद्दल? टीकेची भाषा बोचरी असली की सगळं पत्रच खोडसाळ वाटायला लागतं. माझ्या पहिल्या वेळी हेच झालं. तिसऱ्या मुद्द्यातला टोमणा इतका लागला की पहिल्या मुद्द्यात माझी खरी चूक दाखवली आहे हे मला चार दिवसांनी कळलं, तेही आमच्या संख्याशास्त्रज्ञ मॅडमनी फोन करून विचारलं तेव्हा: "अहो, बाकीचं सोडा, पहिल्या मुद्द्याचं काय करणार आहात?"

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. प्रत्येक मुद्दा टीकाकाराच्या बाजूने, टोमणा काढून, एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिहायचा. तो इतका नीट लिहायचा की टीकाकाराने वाचला तर 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणावं. हे जमत नसेल तर मुद्दा आपल्याला अजून कळलेला नाही. पहिला मुद्दा मी असा लिहीन: 'जो रुग्ण बाराव्या दिवशी गेला त्याला सत्राला यायची संधीच मिळाली नाही, तरी तो असहभागींमध्ये मोजला गेला. जो पंचेचाळिसाव्या दिवशी पहिल्यांदा आला तो त्याआधी मरूच शकत नव्हता, तरी ते पंचेचाळीस दिवस सहभागाच्या खात्यावर जमा झाले.'

असं लिहिलं की चूक डोळ्यांसमोर उभी राहते. संख्याशास्त्रात हिला इम्मॉर्टल टाइम बायस म्हणतात. ज्या काळात व्याख्येनुसारच मृत्यू होऊ शकत नाही असा काळ एका गटाला फुकट मिळतो. ही चूक जुनी आहे. हृदय प्रत्यारोपणाच्या पहिल्या वर्षांत प्रत्यारोपण झालेल्यांची तुलना न झालेल्यांशी केली गेली आणि प्रत्यारोपणाने आयुष्य वाढतं असं दिसलं. पण प्रत्यारोपण होण्यासाठी दाता मिळेपर्यंत जगावं लागत होतं. मिचेल गेल यांनी १९७२ मध्ये हे दाखवून दिलं आणि १९७७ मध्ये क्रॉली आणि हू यांनी स्टॅनफर्डच्या रुग्णांची माहिती काळानुसार बदलणारी स्थिती धरून पुन्हा तपासली. ही चूक दाखवली गेली तर लाज वाटून घेण्यापेक्षा लवकर आकडेमोड सुरू केलेली बरी.

लिहायला बसण्यापूर्वी आकडे

पत्राचा एक शब्दही लिहू नका, आधी छापलेला आकडा पुन्हा काढा. ज्या फाइलवरून लेख लिहिला ती गोठवलेली फाइल आणि त्या वेळचाच कोड घ्या. नंतर दुरुस्त केलेली, नवीन रुग्ण घातलेली फाइल नको. २४०पैकी २४ आणि ३६०पैकी ९० हे आकडे जसेच्या तसे निघाले पाहिजेत. निघाले नाहीत तर तिथेच थांबा. मग प्रश्न टीकेला उत्तर देण्याचा उरत नाही. छापलेला आकडाच का जुळत नाही हे आधी सहलेखकांना आणि मग संपादकांना सांगावं लागतं.

आकडे जुळले की टीका तपासायची. पहिल्या मुद्द्यासाठी दोन सरळ मार्ग आहेत. एक, प्रत्येक रुग्णाला पहिल्या सत्राच्या दिवसापर्यंत असहभागी आणि त्यानंतर सहभागी मानायचं, म्हणजे काळानुसार बदलणारं कॉक्स मॉडेल. दुसरा मार्ग लँडमार्कचा: एक दिवस ठरवायचा, त्या दिवशी जिवंत असलेल्यांनाच घ्यायचं, त्या दिवसापर्यंत कोण आलं होतं त्यावरून गट पाडायचे आणि मृत्यू त्यानंतरचेच मोजायचे. पहिला मार्ग सगळी माहिती वापरतो. दुसरा पत्रात दोन वाक्यांत सांगता येतो आणि वाचणाऱ्या डॉक्टरला लगेच पटतो. मी दोन्ही करतो, पत्रात लँडमार्क देतो आणि दुसरं सप्लिमेंटमध्ये टाकतो. दोन्हींची दिशा वेगळी निघाली तर ते लपवायचं नाही.

लँडमार्कचा दिवस कोणता धरायचा याची निवड आकडे पाहण्याआधीच झालेली हवी. आपल्या उदाहरणात तो ९० आहे, कारण सहभागाची व्याख्याच ९० दिवसांची होती. ३०, ४५, ६०, ९० असे सगळे करून बघायचे आणि सगळ्यात गोड दिसणारा छापायचा, हे केलंत तर पुढच्या पत्राला आमंत्रण दिल्यासारखं होईल. आर वापरत असाल तर काम तीन ओळींचं आहे:

```r
alive90 <- subset(d, fu_days > 90)
alive90$rehab <- !is.na(alive90$visit1) & alive90$visit1 <= 90
table(alive90$rehab, alive90$died)
```

इथे `fu_days` म्हणजे घरी गेल्यापासून मृत्यूपर्यंतचे किंवा वर्षाअखेरपर्यंतचे दिवस, `visit1` म्हणजे पहिल्या सत्राचा दिवस आणि `died` म्हणजे वर्षभरात मृत्यू.

समजा उत्तर असं आलं. सहभागींपैकी ४ जण सत्र सुरू केल्यावर पण ९० दिवसांच्या आत गेले होते. उरले २३६, त्यातले पुढे २० गेले, म्हणजे ८.५ टक्के. असहभागींपैकी तब्बल ५० जण पहिल्या ९० दिवसांतच गेले होते. उरले ३१०, त्यातले पुढे ४० गेले, म्हणजे १२.९ टक्के. रिस्क रेशो ०.६६, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.३९ ते १.०९.

हे आकडे थोडा वेळ बघत बसा. असहभागींच्या ९० मृत्यूंपैकी ५० अशा काळात झाले होते ज्या काळात दुसऱ्या गटाच्या बऱ्याचशा लोकांना मरण्याची मुभाच नव्हती. ते बाजूला केल्यावर १५ टक्क्यांचा फरक साडेचार टक्क्यांच्याही खाली आला, आणि इंटरव्हलमध्ये १ शिरला. आधी जो निष्कर्ष ठाम होता तो आता 'फायदा असू शकेल, नसूही शकेल' इथवर आला आहे. टीका बरोबर होती.

लँडमार्कलाही मर्यादा आहे आणि ती पत्रात सांगितली पाहिजे. हा आकडा फक्त ९० दिवस जगलेल्यांबद्दल बोलतो. पहिल्या तीन महिन्यांत पुनर्वसनाने काय होतं याबद्दल तो गप्प आहे.

साधं उत्तर, दुरुस्ती की त्याहून मोठं काही?

नवे लेखक ही पायरी हमखास गाळतात. त्यांना वाटतं, उत्तराच्या पत्रात चूक कबूल केली की झालं. पण मूळ लेखाचा गोषवारा तसाच राहतो. उद्या कोणी तो शोधून काढेल, 'धोका निम्म्याहून कमी' हे वाक्य उचलेल आणि तुमचं पत्र त्याच्या नजरेलाही पडणार नाही. म्हणून पत्राच्या आधी ठरवायचं: नव्या आकड्याने निष्कर्षाचं वाक्य बदलतं का?

बदलत नसेल, म्हणजे समजा लँडमार्कनंतरही रिस्क रेशो ०.४५ राहिला असता आणि इंटरव्हल १ पासून लांब असता, तर उत्तराचं पत्र पुरतं. एखादी संख्या किंवा तक्त्यातली ओळ चुकली असेल, पण निष्कर्ष टिकत असेल, तर पत्रासोबत दुरुस्तीची सूचना, म्हणजे एरेटम, मागायची. आपल्या उदाहरणात निष्कर्षाचं वाक्यच पडलं आहे. अशा वेळी संपादकांना स्वतःहून लिहायचं की विश्लेषण बदललं आहे, गोषवारा, निकाल आणि निष्कर्ष दुरुस्त करावे लागतील, आणि ते कोणत्या रूपात करायचं ते संपादकांनी ठरवावं. चूक सगळ्या लेखभर पसरलेली असेल पण अप्रामाणिकपणाची नसेल आणि दुरुस्त केल्यावर काम टिकत असेल, तर लेख मागे घेऊन दुरुस्त आवृत्ती पुन्हा छापण्याची सोय आयसीएमजेईने दिलेली आहे.

हे खरोखर घडतं. प्रेडिमेड या भूमध्यसागरी आहाराच्या मोठ्या चाचणीचा २०१३ चा लेख न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधून जून २०१८ मध्ये मागे घेतला गेला आणि त्याच वेळी दुरुस्त होऊन पुन्हा छापला गेला. काही सहभागींची रँडम वाटणी नियमाप्रमाणे झालीच नव्हती. एकाच घरातल्या माणसांना एकाच गटात घातलं होतं आणि एका केंद्रावर माणसांऐवजी अख्खी क्लिनिकं वाटली गेली होती. लेखकांनी ते लोक वगळून पुन्हा हिशेब मांडला आणि कार्यकारणाची भाषा सौम्य केली. लेखकांची कारकीर्द त्यामुळे संपली नाही.

याच टप्प्यावर सगळ्या सहलेखकांना आकडे पाठवा. 'पत्र लिहून झाल्यावर दाखवतो' असं करू नका. मूळ लेखावर ज्यांची नावं आहेत त्यांना निष्कर्ष बदलतो आहे हे तुमच्याकडून कळलं पाहिजे, नियतकालिकाकडून नाही. एखादे ज्येष्ठ सर म्हणतील, "एवढं मान्य करायची काय गरज आहे? मर्यादांच्या परिच्छेदात लिहिलंय की हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे." त्यांना २३६ आणि ३१० चा तक्ता दाखवायचा. मर्यादांचा परिच्छेद चुकीच्या आकड्याला बरोबर करत नाही. इतकं होऊनही कोणी सही करायला तयार नसेल तर ती गोष्ट संपादकांना सांगायची, गुपचूप नाव गाळायचं नाही.

आता पत्र

शब्दमर्यादा पाहा. ती नियतकालिकागणिक बदलते. जामामध्ये लेखकाच्या उत्तराला ५०० शब्द आणि ६ संदर्भ मिळतात. न्यू इंग्लंड जर्नलमध्ये पत्रलेखकाला १७५ शब्द मिळतात, म्हणजे तिथे सगळाच कारभार आटोपशीर. पाठवण्याच्या दिवशी त्या-त्या नियतकालिकाची सूचना पुन्हा उघडून बघायचीच. मर्यादा एवढी तोकडी असल्यामुळे आभार, अभ्यासाची महती आणि पार्श्वभूमी यांना जागा नाही. एका वाक्यात आभार, आणि लगेच मुख्य मुद्दा.

मुद्द्यांचा क्रम वजनाप्रमाणे ठेवायचा. टीकाकाराने ज्या क्रमाने लिहिलं तो पाळायलाच हवा असं नाही. जो मुद्दा निष्कर्ष हलवतो तो पहिला. पत्र नियतकालिकाच्या भाषेत जाईल. इथे कसं उभं राहतं ते दिसावं म्हणून मराठीत देतो:

> संपादक महोदय,
>
> डॉ. (टीकाकार) आणि सहकाऱ्यांनी आमच्या अभ्यासातील सहभागाच्या व्याख्येबद्दल उपस्थित केलेला आक्षेप बरोबर आहे. पहिल्या सत्रापर्यंतचा काळ आम्ही सहभागी गटात धरला होता. त्या काळात सहभागींचा मृत्यू व्याख्येनुसार शक्य नव्हता, त्यामुळे सहभागाचा फायदा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसला.
>
> हे पत्र मिळाल्यानंतर आम्ही ९० व्या दिवशी जिवंत असलेल्या ५४६ रुग्णांचे लँडमार्क विश्लेषण केले. सहभागाची व्याख्या ९० दिवसांची असल्याने हा दिवस निवडला. त्यानंतर वर्षाअखेरपर्यंत २३६ सहभागींपैकी २० (८.५ टक्के) आणि ३१० असहभागींपैकी ४० (१२.९ टक्के) रुग्ण दगावले. रिस्क रेशो ०.६६ (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.३९ ते १.०९) आहे. लेखात तो ०.४० (०.२६ ते ०.६१) दिला होता. असहभागींच्या ९० मृत्यूंपैकी ५० पहिल्या ९० दिवसांतील होते. हे विश्लेषण पूर्वनियोजित नव्हते आणि ते ९० दिवस जगलेल्या रुग्णांपुरतेच लागू आहे. काळानुसार बदलणाऱ्या सहभागाचे विश्लेषण सप्लिमेंटमध्ये दिले आहे.
>
> त्यामुळे पुनर्वसनामुळे मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी होतो हा आमचा निष्कर्ष या माहितीवरून टिकत नाही. गोषवारा, निकाल आणि निष्कर्ष दुरुस्त करण्याची विनंती आम्ही संपादकांना केली आहे.
>
> अशक्तपणाबद्दलचा आक्षेपही रास्त आहे. आमच्या नोंदींत त्याचे मोजमाप नाही, त्यामुळे या माहितीतून त्याचे उत्तर देता येत नाही. अशक्त रुग्ण कमी संख्येने आले असतील तर उरलेला फरकही त्यामुळे असू शकतो.
>
> एका लेखकाचा पुनर्वसन केंद्राशी असलेला संबंध मूळ लेखातील हितसंबंधांच्या निवेदनात नमूद आहे.

शेवटची ओळ बघा. टोमण्याला एवढंच उत्तर. संबंध जाहीर केला होता का? होता, तर तो कुठे आहे ते सांगायचं आणि पुढे जायचं. केला नव्हता, तर मात्र ती ओळ पत्राच्या वरच्या बाजूला जाते आणि तिथेही दुरुस्ती मागावी लागते, मग टोमणा कितीही कडवट असो.

दुसऱ्या मुद्द्याच्या उत्तरातही एक गोष्ट मुद्दाम केली आहे. जे मोजलंच नाही त्याबद्दल 'आम्हाला वाटतं त्याचा फारसा परिणाम झाला नसावा' असं म्हटलेलं नाही. त्या 'वाटतं'ला काहीच आधार नसतो. दोष कोणत्या दिशेला ओढतो ते सांगितलं, की वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं.

कोणती वाक्यं पत्र पाडतात

'आम्ही वय, लिंग आणि इजेक्शन फ्रॅक्शनसाठी समायोजन केलं होतं, त्यामुळे हा दोष राहत नाही.' हे वाक्य मी उत्तरांच्या कच्च्या मसुद्यांत सगळ्यात जास्त वेळा पाहिलं आहे, आणि ते चूक आहे. समायोजन गटांमधल्या रुग्णांचा फरक भरून काढतं. इथे रुग्णाचे दिवसच चुकीच्या खात्यात गेले आहेत. वय कितीही नीट धरलं तरी बाराव्या दिवशी गेलेला माणूस असहभागींतच राहतो. संख्याशास्त्र जाणणारा वाचक इथेच पत्र खाली ठेवतो.

'इतर अभ्यासांतही असेच निष्कर्ष आले आहेत.' ते अभ्यासही अशाच पद्धतीने झाले असतील तर त्यांच्यातही तीच चूक आहे. असा आधार द्यायचाच तर रँडमाइज्ड चाचणीचा द्या, आणि तिच्यात मृत्यूवर खरोखर काय दिसलं ते जसंच्या तसं सांगा.

'टीकाकारांनी आमचा लेख नीट वाचलेला दिसत नाही.' असं कधी खरंही असतं. तरी लिहायचं नाही. 'ही माहिती तक्ता २ मध्ये आहे' एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजतं.

आणखी एक, जरा सूक्ष्म. इंटरव्हल १ ओलांडून गेला म्हणून 'पुनर्वसनाचा फायदा नाही हे सिद्ध झालं' असं उलट्या टोकाला जाऊ नका. ०.३९ पासून १.०९ पर्यंतचा पट्टा मोठ्या फायद्यालाही जागा ठेवतो. मान खाली घालण्याच्या नादात नवीन चूक करू नये.

टीकाकार मूळ माहिती मागत असेल तर

कधी पत्रात किंवा थेट मेलने मागणी येते: रुग्णनिहाय फाइल पाठवा, आम्हीच तपासतो. मागणी रास्त असू शकते, पण फाइल थेट ईमेलला जोडून पाठवायची नाही. आधी रुग्णांच्या संमतिपत्रात आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीत काय लिहिलं आहे ते बघा, मग लेखातल्या डेटा शेअरिंगच्या निवेदनात तुम्ही काय वचन दिलं होतं ते. नावं काढली म्हणजे ओळख पुसली असं नसतं. दाखल होण्याची तारीख, वय आणि गाव एकत्र असलं तरी माणूस सापडतो. आपल्या उदाहरणात टीकाकाराला तपासायला तारखाही लागत नाहीत, घरी गेल्यापासूनचे दिवस पुरतात. त्यामुळे पुष्कळदा मधला मार्ग निघतो: दिवसांत मोजलेली चार-पाच चलं, कोड आणि वरच्यासारखा तक्ता. मागणी आणि तुमचं उत्तर दोन्ही संपादकांच्या कानावर घाला.

पाठवताना आणि नंतर

पत्रासोबत संपादकांसाठी वेगळं, न छापलं जाणारं टिपण जोडा. त्यात तीन गोष्टी लिहा: कोणतं विश्लेषण नव्याने केलं, मूळ लेखातली कोणकोणती वाक्यं आणि आकडे बदलावे लागतील (पान, परिच्छेद, जुनं वाक्य, नवं वाक्य अशा चार रकान्यांचा तक्ता केला तर संपादक दुवा देतील), आणि सगळ्या सहलेखकांची संमती आहे का. हितसंबंधांचे फॉर्म पुन्हा भरावे लागतात. मूळ लेखानंतर काही नवीन मानधन किंवा पद आलं असेल तर ते त्यात घाला.

मुदत कमी पडत असेल तर पहिल्याच आठवड्यात कळवा आणि कारण सांगा: 'विश्लेषण पुन्हा करतो आहोत, निष्कर्ष बदलण्याची शक्यता आहे.' अशा कारणासाठी मुदतवाढ नाकारणारे संपादक मी अजून पाहिले नाहीत. मुदतीच्या आदल्या रात्री मागितलेली वाढ मात्र टाळाटाळीसारखी दिसते.

प्रूफ आलं की सगळ्यात आधी आकडे बघा, भाषा नंतर. समजा आपल्या उदाहरणाच्या प्रूफात इंटरव्हलचं वरचं टोक १.०९ ऐवजी ०.१९ छापून आलं. दोन अंक इकडचे तिकडे, आणि सगळ्या कबुलीचा अर्थच उलटा. असा अंदाज खालच्या-वरच्या टोकांच्या बाहेर पडलेला दिसला की चूक लगेच सापडते: ०.६६ हा आकडा ०.३९ आणि ०.१९ यांच्यामध्ये बसत नाही.

छापून आल्यावर मूळ लेखाचं पान उघडा. तिथे टीकाकाराचं पत्र, तुमचं उत्तर आणि दुरुस्तीची सूचना तिन्हींचे दुवे दिसतात का? पबमेडवर मूळ लेखाच्या नोंदीखाली `Comment in` आणि `Erratum in` अशा ओळी येतात. त्या यायला काही दिवस लागतात, पण महिना उलटूनही आल्या नाहीत तर कार्यालयाला लिहा. आणि तो जुना आकडा तुम्ही आणखी कुठे कुठे वापरला आहे ते आठवा: परिषदेची स्लाइड, अनुदानाचा अर्ज, विद्यार्थ्याचा प्रबंध, वॉर्डातल्या भिंतीवरचं पोस्टर. पोस्टर सगळ्यात शेवटी आठवतं, आणि रुग्ण वाचतात ते तेच.